बीजकोशाला पीळ पडतो तेव्हा

ओटीपोटात एका बाजूला अचानक जोराची कळ आली आणि पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या, की घरात पहिला संशय बाहेरच्या खाण्यावर नाहीतर पाळीवर जातो. पण अशा दुखण्यामागे कधीकधी बीजकोशाला पडलेला पीळ असतो, आणि मग वाट बघत बसणं महागात पडतं.

बीजकोश गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बंधांच्या आधाराने असतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या याच बंधांतून येतात. एखाद्या बीजकोशात ५ सेंटिमीटरहून मोठी गाठ झाली, की तो जड होऊन बंधांसकट फिरण्याची शक्यता वाढते. पिळात आधी पातळ भिंतींच्या नीला दबतात. रक्त आत येत राहतं, पण बाहेर पडत नाही. बीजकोश सुजतो आणि शेवटी आत येणारं रक्तही थांबतं.

समजा, २४ वर्षांच्या एका मुलीला रात्री कूस बदलताना उजवीकडे कळ आली, उलट्या झाल्या. तासाभराने दुखणं ओसरलं, पहाटे पुन्हा उसळलं. पीळ मधूनच सैल होतो तेव्हा असं घडतं. दवाखान्यात अपेंडिक्सचा संशय येतो. गर्भचाचणीही लगेच करतात, कारण गर्भनलिकेत राहिलेला गर्भही असाच दुखतो. सोनोग्राफीत उजवा बीजकोश सुजलेला आणि त्यात ७ सेंटिमीटरची गाठ दिसते, मात्र डॉपलरमध्ये रक्तप्रवाह चालू असतो. इथेच फसगत होते. बीजकोशाला दोन वाटांनी रक्त मिळतं, शिवाय पीळ अर्धवटही असू शकतो. त्यामुळे प्रवाह दिसला तरी पीळ नाही, असं ठरत नाही. खात्री दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतच होते.

पूर्वी काळानिळा पडलेला बीजकोश सरसकट काढून टाकत. पीळ सोडवला तर रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाईल, अशी भीती होती. ती अनाठायी निघाली. आता तरुण मुलींमध्ये पीळ सोडवून बीजकोश जागेवर ठेवतात. काळसर दिसणारे बीजकोशही पुष्कळदा सावरतात आणि पुन्हा काम करू लागतात. जितका उशीर, तितकी ही आशा कमी.

गाठ फुटली तरी कळ अशीच अचानक येते, अनेकदा व्यायाम किंवा शरीरसंबंधाच्या वेळी. आतला द्रव पोटात सांडतो, पण बहुतेक वेळा वेदनाशामक औषधं आणि विश्रांती पुरते. मात्र चक्कर, घाम, फिकटपणा किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणं असेल, तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो.

फुटणं की पीळ, हे घरी ओळखता येत नाही. म्हणून कळ आणि उलट्या एकत्र आल्या, तर दुखणं मधे थांबलं तरी त्याच दिवशी सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून तपासणी होईपर्यंत काही खाऊ-पिऊ नये. पूर्वीच्या सोनोग्राफीत गाठ आढळली असेल, तर तो कागद सोबत न्यावा आणि दाखवताना आधी तेच सांगावं.