२८८, २७५, पुन्हा २८८

शुक्रवार, २ जून २०२३. संध्याकाळी सातच्या सुमारास ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार नावाच्या लहानशा स्थानकाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसला अपघात झाला. त्या रात्री देशभरातल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये पहिल्या पानाची बातमी कितीदा पाडून पुन्हा बांधली गेली, याची मोजदाद कोणी ठेवली नसेल. आधी मृत पन्नास होते. मध्यरात्रीच्या आसपास १२०, मग २०७, पहाटे २३३. बाहेरगावी जाणारी आवृत्ती एका आकड्यावर सुटली, शहर आवृत्ती दुसऱ्या आकड्यावर, आणि सकाळी चहाबरोबर वाचकाच्या हातात पेपर पडला तेव्हा दोन्ही आकडे शिळे झाले होते.

इथवर काही विशेष नाही. उलटे झालेले डबे कापून आत शिरावे लागते तेव्हा मृतांची संख्या तासागणिक वाढणारच. शनिवारी सकाळी ती २३८ झाली, नंतर २६१, मग २८८. अशा वेळी उपसंपादकाचे काम तसे सरळ असते. जुना आकडा काढायचा, नवा घालायचा, आणि तो कोणी दिला ते लिहायचे.

रविवारी हे सरळ काम अवघड झाले. ओडिशाचे मुख्य सचिव प्रदीप जेना यांनी जाहीर केले, की मृतांची संख्या २८८ नसून २७५ आहे. जिल्हा प्रशासनाने पडताळणी केली, तेव्हा काही मृतदेह दोनदा मोजले गेल्याचे आढळले. हे कसे होते ते समजायला अवघड नाही. रुळांलगत ओळीने ठेवलेले देह एकाने मोजले. तेच देह वाहनातून रुग्णालयात पोचले आणि तिथल्या नोंदवहीत दुसऱ्याने मोजले. दोघांनीही आपापले काम चोख केले आणि बेरजेत मात्र एक माणूस दोनदा मेला.

या ठिकाणी बातमीचा सारांश लिहिणाऱ्याने थांबून एक प्रश्न विचारायला हवा: आकडा बदलला म्हणजे नेमके काय झाले? २६१ चे २८८ झाले तेव्हा आधीचा आकडा चूक नव्हता, तो त्या तासापुरता खरा होता आणि पुढे वाढला. २८८ चे २७५ झाले तेव्हा मात्र आधीचा आकडा मागे घेतला गेला. पहिली वाढ आहे, दुसरी दुरुस्ती. वाढीच्या वेळी जुना आकडा गुपचूप पुसला तरी वाचकाचे काही बिघडत नाही. दुरुस्तीच्या वेळी तो पुसून चालत नाही, कारण काल २८८ वाचलेला माणूस आज २७५ वाचून गोंधळतो. ‘मृतांचा आकडा घटला’ असा मथळा दिला तर तो गोंधळ आणखी वाढतो, जणू तेरा जण उठून घरी गेले.

रविवारच्या मजकुराचा पहिला परिच्छेद साधारण असा बांधता येतो: ‘बालासोर रेल्वे अपघातातील मृतांची संख्या २८८ नसून २७५ असल्याचे ओडिशाचे मुख्य सचिव प्रदीप जेना यांनी रविवारी सांगितले. काही मृतदेह दोनदा मोजले गेल्याने आधीचा आकडा वाढला होता. जखमी १,१७५ असून त्यांपैकी ७९३ जणांना रुग्णालयातून घरी सोडण्यात आले आहे. ३८२ जणांवर उपचार सुरू आहेत.’ यात नवा आकडा पहिल्याच वाक्यात आहे आणि रद्द झालेला आकडा त्याच्या शेजारी, रद्द म्हणूनच आला आहे. कारण एका वाक्यात आटोपले आहे. जखमींची बेरीजही जुळते: ७९३ आणि ३८२ मिळून १,१७५. ही बेरीज हाताने करून पाहायला दहा सेकंद लागतात. एका सकाळचा एकूण आकडा आणि दुसऱ्या संध्याकाळचे घटक आकडे एकत्र आले असतील, तर ते इथेच उघडे पडते.

आता जखमींकडेच नीट पाहू, कारण इथला सापळा वेगळा आहे. आदल्या दिवशी, शनिवारी, रेल्वेने जखमींचा जो हिशेब दिला होता तो असा: ७४७ जखमी आणि त्याखेरीज ५६ गंभीर जखमी, म्हणजे एकूण ८०३. ओडिशा सरकारचा रविवारचा आकडा १,१७५. घाईतला उपसंपादक यावरून ‘जखमींची संख्या ८०३ वरून १,१७५ वर’ असे लिहून मोकळा होईल, आणि ते वाचायलाही अगदी नैसर्गिक वाटेल. पण आकडे देणारी कार्यालये दोन होती. राज्य सरकारचा आकडा वेगवेगळ्या रुग्णालयांत पोचलेल्यांचा होता. रेल्वेची मोजणी तिची स्वतःची. एका कार्यालयाचा नवा आकडा दुसऱ्या कार्यालयाच्या जुन्या आकड्याला खोडत नाही. अशा वेळी दोन्ही आकडे आपापल्या मालकाच्या नावासह शेजारी शेजारी ठेवावेत. त्यांतून सरासरी काढणे किंवा मोठा दिसतो म्हणून एक उचलणे हे दोन्ही उपाय वाईट, आणि दोन्ही सर्रास होतात.

पुढे २१ जुलैला रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले. त्यात १७६ गंभीर जखमी, ४५१ किरकोळ जखमी आणि प्रथमोपचार घेऊन गेलेले १८० जण होते. बेरीज ८०७. म्हणजे रेल्वेचा हिशेब दीड महिन्यानंतरही आपल्या पहिल्या आकड्याच्या आसपासच राहिला. १,१७५ पासून ८०७ पर्यंत ‘घसरण’ झाली असे कोणी लिहिले असते, तर ते दोन वेगळ्या वह्यांची पाने एकाच वहीत शिवण्यासारखे झाले असते.

परत मृतांकडे. रविवारच्या दुरुस्तीवर सगळ्यांचा विश्वास बसला नाही. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी जाहीर शंका घेतली. एकट्या आपल्या राज्याचे ६१ जण गेले आहेत आणि १८२ जण बेपत्ता आहेत, मग एकूण आकडा खाली येतोच कसा, असा त्यांचा सवाल होता. सारांशात ही शंका घ्यावी का? घ्यावी, पण आरोप म्हणून, त्यांच्या नावावर आणि तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात. इथे आणखी एक घोटाळा टाळायचा असतो. ‘बेपत्ता’ ही मृतांची उपसंख्या नसते. बेपत्ता माणूस एखाद्या रुग्णालयात बेशुद्ध असू शकतो, शवागारात ओळख न पटलेला असू शकतो, किंवा सुखरूप असून त्याचा फोन बंद पडलेला असू शकतो. ६१ मध्ये १८२ मिळवून ‘बंगालचे २४३ बळी’ म्हणणे गणितात बरोबर आणि बातमीत चूक.

आणि मग मंगळवार, ६ जून. त्याच मुख्य सचिवांनी सांगितले, की पडताळणीनंतरची संख्या २८८ आहे. म्हणजे रविवारी खोडलेला आकडा परत आला.

रांगेत सगळ्यात शेवटी आलेले तेच खरे, असा ज्याचा नियम होता तो रविवारी २७५ वर गेला आणि मंगळवारी परत फिरला. त्याचे दोन्ही दिवस बरोबर होते, कारण प्रत्येक दिवशी जबाबदार माणसाने सांगितलेले तेच होते. ज्याने ‘मोठा आकडा कशाला सोडा’ म्हणून २८८ धरून ठेवला, तोही शेवटी बरोबर ठरला, पण ती लॉटरी होती. दोनदा मोजल्याची चूक खरीखुरी असू शकत होती, आणि तसे असते तर तो कायमचा चुकला असता. मंगळवारचा २८८ दिसायला शनिवारच्या २८८ सारखाच असला तरी तो वेगळ्या वाटेने आला होता. शनिवारचा घाईत जमवलेला, तर मंगळवारचा रुग्णालये आणि शवागारे यांच्या नोंदी ताडून पाहिलेला.

म्हणून मंगळवारच्या मजकुरात नुसते ‘२८८’ लिहून भागत नाही. वाचकाला वाटेल, मधले काही झालेच नाही. ‘मृतांची संख्या २८८ असल्याचे जेना यांनी मंगळवारी स्पष्ट केले. रविवारी त्यांनीच २७५ हा आकडा दिला होता. २०५ मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात देण्यात आले असून ८३ मृतदेह भुवनेश्वर येथील एम्स व अन्य रुग्णालयांत आहेत.’ पुन्हा बेरीज: २०५ आणि ८३, बरोबर २८८. यातला ‘त्यांनीच’ हा शब्द महत्त्वाचा. दोन वेगळ्या अधिकाऱ्यांत वाद आहे असा समज तो एका फटक्यात टाळतो.

दुरुस्ती फक्त आकड्यांची होत नाही, घटनाक्रमाचीही होते. पहिल्या संध्याकाळी रेल्वेच्या प्रवक्त्याने सांगितलेला क्रम असा होता: कोरोमंडलचे दहा-बारा डबे घसरून शेजारच्या रुळावर पडले आणि समोरून येणारी हावड्याची गाडी त्यांवर आदळली. रविवारी रेल्वे बोर्डाने मांडलेल्या चित्रात क्रम वेगळा होता. कोरोमंडल मुख्य मार्गाऐवजी लूप लाइनवर वळली, तिथे उभ्या असलेल्या लोहखनिजाने भरलेल्या मालगाडीला सुमारे १२८ किलोमीटर वेगाने धडकली, आणि उडालेल्या डब्यांपैकी काही हावड्याच्या गाडीच्या शेवटच्या डब्यांना लागले. अशी दुरुस्ती आली की जुन्या मजकुरातले एखादे वाक्य बदलून काम होत नाही. ‘डबे घसरल्याने’ हे कारण बातमीत चार ठिकाणी शिरलेले असते: मथळ्यात, चित्राच्या ओळीत, चौकटीत आणि शेवटच्या पार्श्वभूमीच्या परिच्छेदात. ते शेवटचे नेहमी राहून जाते.

महाराष्ट्राने याच्या पुढच्याच महिन्यात, १९ जुलैच्या रात्री, रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी पाहिली. तिथे चार दिवसांनी शोधकार्य थांबले तेव्हा हाती २७ मृतदेह होते आणि ५७ जण बेपत्ता. त्या दरडीखालून कोणी जिवंत निघण्याची शक्यता उरली नव्हती, तरी ‘८४ ठार’ आणि ‘२७ मृतदेह सापडले, ५७ बेपत्ता’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे लिहायला थोडी जास्त जागा लागते, एवढाच त्याचा दोष.

बालासोरचा आकडा २८८ वरही थांबला नाही. रुग्णालयांत उपचार घेणारे काही जण पुढच्या दिवसांत दगावले आणि तो एकेकाने वर सरकत गेला. राज्यसभेतल्या त्या उत्तरात तो २९५ होता. ही पुन्हा वाढ, दुरुस्ती नव्हे. मात्र इथे एक गोष्ट सांभाळावी लागते: जो जखमींतून मृतांत गेला, तो जखमींच्या जुन्या आकड्यातही बसलेला असतो. मृतांत एक वाढवून जखमींचा आकडा तसाच ठेवला, तर तो माणूस दोन ओळींत राहतो आणि पहिल्या रात्रीची दोनदा मोजण्याची चूक कागदावर पुन्हा घडते.

त्याच उत्तरात ४१ मृतदेहांची ओळख पटलेली नाही असेही म्हटले होते. एकेका देहावर दोन-दोन कुटुंबांनी हक्क सांगितल्यामुळे डीएनएचे नमुने घेतले गेले होते. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वरला, कोणीच न नेलेल्या २८ मृतदेहांवर अंत्यसंस्कार झाले.