फरक ५,५०० रुपयांचा

सकाळी ९
चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणारी ताई युनियन ऑफिसात आली आहे. सोबत दोन पगाराच्या स्लिपा आहेत, एक तिची आणि एक शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची. त्याने ती आपणहून दिली. तिला २६,४०० रुपये मिळतात, त्याला ३१,९००. "मॅडम, काम तर तेच आहे," ती म्हणते. मी सांगते, आधी फरक सोलून काढू.

सकाळी १०
त्याने ओव्हरटाइम केला, त्याचे १,९०० वजा. तो रात्रपाळी करतो, ती करत नाही; त्या भत्त्याचे ९०० वजा. तो दोन वर्षांनी जुना आहे आणि वार्षिक वाढ सगळ्यांना ४०० रुपये, म्हणून आणखी ८०० वजा. उरतात १,९००. ते त्याच्या स्लिपेत 'विशेष भत्ता' म्हणून आहेत, तिच्या स्लिपेत ती ओळच नाही.

दुपारी १२
आता काम ताडून बघायचं. त्याचं पद 'इन्स्पेक्टर', तिचं 'असिस्टंट'. पण कायदा पदाच्या नावावर थांबत नाही; कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का, हे तो बघतो. किरकोळ फरक मोजले जात नाहीत. म्हणून तिला आठवडाभराच्या नोंदी ठेवायला सांगते: कोणते भाग तपासले, कोणती मापकं वापरली, माल नाकारण्याची सही कोणाची. सहीचा अधिकार फक्त त्याच्याकडे असेल, तर आपली बाजू कमकुवत होईल.

दुपारी ३
एका माणसाशी तुलना पुरत नाही, तो अपवाद असू शकतो. मी विचारते, "तुमच्यानंतर लागलेला, तेवढंच शिकलेला मुलगा आहे का?" आहे. त्यालाही विशेष भत्ता मिळतो. विभागातल्या इतर दोन बायकांना मिळत नाही. इथे जुनेपणाचं कारण टिकत नाही.

दुपारी ४
तिला भीती वाटते, कंपनी 'परवडत नाही' म्हणाली तर? मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा यांना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. कंपनीने हेच कारण दिलं आणि युनियनशी झालेला करारही पुढे केला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही नाकारलं. शिवाय बरोबरी करण्यासाठी मालकाला कोणाचा पगार कमी करता येत नाही, म्हणजे सहकाऱ्याचं नुकसान होणार नाही.

संध्याकाळी ५
पहिलं पत्र तक्रारीचं नाही. एकच प्रश्न लेखी विचारतो: विशेष भत्ता कोणत्या निकषावर दिला जातो, आणि मी त्यात का बसत नाही? पत्र देऊन पोच घ्यायची. निकष सांगितला, तर तो तिच्या नोंदींवर लावून बघता येईल. सांगितला नाही, तर वेतन संहितेनुसार नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून जुन्या स्लिपाही जपून ठेवायला सांगते.