तक्त्यात ‘अविद्राव्य’, हापशीच्या पाण्यात मात्र फ्लोराइड

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा, राजुरा या तालुक्यांत आणि गडचिरोलीच्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसू लागले की गावात चर्चा सुरू होते आणि मग कोणीतरी दहावीचं रसायनशास्त्र आठवून म्हणतं, “कॅल्शियम फ्लोराइड तर अविद्राव्य. पाण्यात चुना टाका, फ्लोराइड तळाला बसेल.” तर्क अगदीच चुकीचा नाही. तो कुठे अडतो ते पाहिलं, की विद्राव्यतेचे नियम वापरायचे कसे तेही कळतं.

गैरसमज : दोन क्षारांची द्रावणं मिसळली की अभिक्रिया होतेच.

मिठाच्या पाण्यात पोटॅशियम नायट्रेटचं द्रावण ओता. काहीच होत नाही. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि नायट्रेट असे चारही आयन आधी सुटे होते, नंतरही सुटेच राहतात. अवक्षेप येईल का हे पाहण्याची रीत सोपी आहे. दोन्ही क्षारांचे जोडीदार कागदावर बदलून बघायचे आणि नव्या दोन जोड्यांपैकी एखादी अविद्राव्य आहे का ते तपासायचं. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम यांचे नेहमीचे क्षार आणि सगळी नायट्रेटं विरघळतात. क्लोराइडंही विरघळतात, चांदी आणि शिशाची सोडून. सल्फेटांत बेरियम आणि शिसं अडतात. कार्बोनेट, फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड बहुतेक धातूंबरोबर खाली बसतात.

आता कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम फ्लोराइड घ्या. जोडीदार बदलले की सोडियम क्लोराइड आणि कॅल्शियम फ्लोराइड मिळतात. पहिलं विरघळतं, दुसरं नाही. म्हणजे पांढरा अवक्षेप येणार. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या द्रावणांत तो येतोही.

गैरसमज : अविद्राव्य म्हणजे पाण्यात शून्य.

खरी अडचण इथे आहे. तक्त्यातला ‘अविद्राव्य’ हा शेरा थोडं तरी विरघळणाऱ्या पदार्थालाही लागतो. फक्त ते ‘थोडं’ किती, हे तक्ता सांगत नाही. शुद्ध पाण्यात कॅल्शियम फ्लोराइडची पूड घालून कितीही ढवळा. 25 अंश सेल्सिअसला पाणी संपृक्त झालं, की एका लिटरमध्ये साधारण 8 मिलिग्रॅम फ्लोराइड उतरलेलं असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा 1 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. म्हणजे तक्त्यातला हा ‘अविद्राव्य’ क्षार एकटाच पाण्याला मर्यादेच्या पाचपट फ्लोराइड देऊ शकतो.

अवक्षेप पडणार की नाही हे ठरवतो विद्राव्यता गुणाकार. कॅल्शियम फ्लोराइडसाठी तो मिलिग्रॅमच्या भाषेत मांडता येतो. दर लिटरमधल्या कॅल्शियमचा आकडा घ्या आणि त्याला फ्लोराइडच्या आकड्याच्या वर्गाने गुणा. उत्तर सुमारे 500 च्या खाली असेल तर काहीही खाली बसणार नाही. वर गेलं तर अवक्षेपाची शक्यता सुरू होते. वर्ग का, तर एका कॅल्शियमला दोन फ्लोराइड लागतात.

समजा एका हापशीच्या पाण्यात 4 मिलिग्रॅम फ्लोराइड आणि 20 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. चारचा वर्ग 16, गुणिले 20, म्हणजे 320. पाचशेच्या आत. पाणी नितळ दिसेल, भांड्यात रात्रभर ठेवलं तरी तळाला कण येणार नाही आणि फ्लोराइड मात्र मर्यादेच्या अडीच पटींहून जास्त असेल. याउलट प्रयोगशाळेत दोन्ही द्रावणं 0.1 मोलर तीव्रतेची घेऊन सारखी मिसळली, तर हाच गुणाकार 180 कोटींच्या घरात जातो. वर्गातला प्रयोग कधी चुकत नाही तो म्हणूनच. तिथे आपण तीव्रता एवढी वाढवून ठेवलेली असते की नियमाला चुकायला जागाच उरत नाही.

गैरसमज : मग कॅल्शियम वाढवत नेलं की झालं.

त्याच हापशीच्या पाण्याचं फ्लोराइड 1.5 वर आणायचं आहे. दीडचा वर्ग 2.25. पाचशेला त्याने भागलं की साधारण 222 मिलिग्रॅम कॅल्शियम येतं, आणि तेही विरघळलेल्या रूपात शिल्लक राहिलं पाहिजे. कॅल्शियमची कमाल मर्यादा 200 आहे. फ्लोराइड 1 वर आणायचं तर 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागेल. असं पाणी कोणी पिणार नाही.

शिवाय हे कॅल्शियम टिकतही नाही. फ्लोराइडवाल्या भूजलात बहुधा सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असतात. चुना टाकला की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि कॅल्शियम त्याच्याबरोबर खडूसारखं खाली बसतं. तळाशी पांढरा गाळ दिसतो, लोक समाधान मानतात, पण तो गाळ मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. गाळ दिसणं आणि हवा तो आयन खाली बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लोराइड गेलं का, हे पुन्हा तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

पाचशेचा आकडाही अंदाजाचा समजावा. पाण्यात इतर क्षार बरेच असले तर ही मर्यादा थोडी वर सरकते आणि ती ओलांडल्यावरही बारीक स्फटिक बनायला वेळ लागू शकतो. गणित ‘अवक्षेप येणार नाही’ हे ठामपणे सांगतं. ‘येईल’ म्हणताना त्याला जरा सवलत द्यावी लागते.

गैरसमज : पाणी उकळलं की फ्लोराइड भांड्याला चिकटतं.

उकळल्यावर भांड्याला बसणारा पांढरा थरही बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचाच. म्हणजे फ्लोराइडला पकडू शकणारं थोडंफार कॅल्शियमही पाण्यातून गेलं. पाच लिटर पाणी उकळून चार लिटर उरलं तर लिटरमागे 2 मिलिग्रॅम असलेलं फ्लोराइड 2.5 होतं. जंतूंसाठी उकळा, फ्लोराइडसाठी नको.

गैरसमज : नलगोंडा पद्धतीत चुन्यामुळे फ्लोराइड बसतं.

नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली ही पद्धत. तेलंगणातल्या नलगोंडा भागातला फ्लोराइडचा प्रश्न मोठा, म्हणून तिला ते नाव. पाण्यात चुना आणि ब्लीचिंग पावडर घालतात, मग तुरटी, दहा मिनिटं हळूहळू ढवळतात, तासभर स्थिर ठेवतात आणि वरचं पाणी काढून घेतात. चुना दिसतो म्हणून श्रेय त्याला मिळतं. खरं काम करतो तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनिअमचा हायड्रॉक्साइड. तोही तक्त्यात अविद्राव्यच आहे, पण त्याचे कापसासारखे पुंजके तयार होतात आणि फ्लोराइड त्यांना चिकटून खाली जातं. यात फ्लोराइडचा स्वतःचा अवक्षेप पडावा लागत नाही. म्हणूनच पाचशेचं बंधन इथे आडवं येत नाही.

चुना लागतो तो तुरटीने येणारी आम्लता सावरायला. तो जास्त पडला तर अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळू लागतो, पुंजके नीट बनत नाहीत आणि अ‍ॅल्युमिनिअम पाण्यातच राहतं. तुरटी किती घालायची हे फ्लोराइड आणि पाण्याची अल्कलिनिटी यांवर ठरतं. शेजारच्या गावचं माप आपल्या हापशीला लागू होईलच असं नाही. तळाचा गाळ फ्लोराइडने भरलेला असतो, तो विहिरीजवळ ओतू नये.

हापशीचं पाणी तपासायला द्याल तेव्हा फ्लोराइडचा एकच आकडा घेऊन परतू नका. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी यांचेही आकडे मागून घ्या.