रेषा हलली की सल्ला बदलतो

प्राचीन चीनमधल्या छी राज्याचा बडा मंत्री त्स्वे झू एका घरी सांत्वनाला गेला आणि तिथल्या विधवेच्या रूपावर भाळला. तिच्याशी लग्न करावं का, हे त्याने यी जिंग या शकुनग्रंथाला विचारलं. कौल निघाला तो 47 क्रमांकाच्या आकृतीचा. दरबारातले सगळे शकुनज्ञ शुभ आहे म्हणाले. चन वनझी या एकाच अधिकाऱ्याने विरोध केला, कारण त्याची नजर आकृतीतल्या तिसऱ्या रेषेवर होती. ती रेषा बदलती होती.

त्या रेषेच्या मजकुरात दगडांनी अडलेला, काट्यांचा आधार घेणारा माणूस घरी येतो आणि त्याला बायको दिसत नाही. शिवाय ती रेषा पालटली की आकृतीतलं पाणी जाऊन तिथे वारा येतो. चन वनझीच्या मते पाणी म्हणजे नवरा. तो वारा झाला तर बायकोलाच खाली पाडणार. म्हणून त्याने लग्नाला स्पष्ट नकार सुचवला. त्स्वे झूने ऐकलं नाही. अशुभ जे होतं ते हिच्या पहिल्या नवऱ्याने भोगलं, असं म्हणून त्याने लग्न केलं. पुढे खुद्द राजाच तिच्याकडे जाऊ-येऊ लागला. इसवी सनपूर्व 548 मध्ये त्स्वे झूच्या माणसांनी राजाला ठार केलं, आणि दोन वर्षांत त्स्वे झूचं घराणंही बुडालं. पत्नीने गळफास घेतला आणि मागोमाग त्यानेही.

झ्वोझ्वान या इतिहासग्रंथातली ही कथा शेवट ठाऊक असलेल्यांनी लिहिली आहे, त्यामुळे ती भविष्य खरं ठरल्याचा पुरावा होत नाही. पण नव्या आकर्षणाबद्दल विचारलेल्या प्रश्नात सगळा निवाडा एका रेषेवर कसा फिरू शकतो, हे तिच्यातून नेमकं कळतं.

ही रेषा येते कुठून? सहा रेषांची एक आकृती, तिला हेक्साग्राम म्हणतात. अशा 64 आकृती आहेत. प्रत्येक रेषा अखंड तरी असते किंवा मधे तुटलेली. आज बहुतेक जण तीन नाणी सहा वेळा टाकून खालून वर रेषा मांडत जातात. छाप्याला 3 आणि काट्याला 2 गुण धरले की बेरीज 6, 7, 8 किंवा 9 येते. 7 म्हणजे स्थिर अखंड रेषा, 8 म्हणजे स्थिर तुटक. तिन्ही नाणी सारखी पडली तर 9 किंवा 6 येतात आणि ती रेषा बदलती ठरते: 9 ची अखंड रेषा तुटक होते, 6 ची तुटक रेषा अखंड. बदल करून जी नवी आकृती तयार होते, ती दुसरा हेक्साग्राम.

कोणतीही रेषा बदलती निघण्याची शक्यता चारात एक असते. सहाच्या सहा रेषा स्थिर राहण्याची शक्यता सुमारे 18 टक्के. म्हणजे बहुतेक कौलांत निदान एक रेषा हलतेच, आणि आकृतीचं नाव वाचून थांबणारा माणूस बहुतेक वेळा अर्धाच कौल वाचतो.

नव्या नात्यासाठी सर्वांत बोलकी आकृती 31 क्रमांकाची, श्यान. तिचा विषयच परस्पर ओढ हा आहे. खाली पर्वत, वर सरोवर. परंपरेत पर्वत हा धाकटा मुलगा आणि सरोवर ही धाकटी मुलगी. मुलगा नम्रपणे मुलीच्या खाली उभा आहे, म्हणून ओढ दोन्हीकडून जुळते. आकृतीचा एकूण निवाडा विवाहाला शुभ आहे. कोणाही प्रेमात पडलेल्या माणसाला इथेच पुस्तक मिटावंसं वाटेल.

पण याच आकृतीच्या सहा रेषा शरीरातून वर चढत जातात: पायाचा अंगठा, पोटरी, मांडी, मग हृदयाची जागा, पाठीचा वरचा भाग आणि शेवटी गाल-जीभ. ओढ नेमकी कुठवर पोचली आहे, हे रेषा सांगते. अंगठ्यावर असताना ती फक्त इच्छा असते, बाहेर काही दिसत नाही. जिभेवर गेली की नुसती बोलणी उरतात.

आता एक उदाहरण घेऊ. एका मुलीची एका मुलाशी नवी ओळख आहे. भेटी आवडतात, पण शब्द अजून कोणीच काढलेला नाही. आपण पुढाकार घ्यावा का, हा तिचा प्रश्न. खालून वर 8, 6, 7, 7, 7, 8 असे आकडे आले. आकृती 31, हललेली रेषा दुसरी, म्हणजे पोटरीची. पोटरी स्वतःहून चालत नाही, पावलामागे ओढली जाते. हा मजकूर सांगतो की अशा ओढीने निघणं अशुभ, जागेवर थांबणं शुभ. एकूण आकृती लग्नाला अनुकूल, पण या मुलीला सल्ला मिळाला तो आत्ता पाऊल न टाकण्याचा. नातं वाईट आहे असं इथे कुठेच म्हटलेलं नाही.

दुसरी रेषा पालटल्यावर आकृती होते 28, जिच्यात घराचं आढं भाराने वाकलेलं आहे. घाई केली तर नात्यावर त्याला न पेलणारा भार पडेल, असा याचा अर्थ लावता येतो. इथेच नवखे चुकतात. 28 चा निवाडा कुठेतरी निघण्याला अनुकूल आहे, आणि तेवढंच उचलून ते दुसऱ्या रेषेचं थांबणं विसरतात. बाराव्या शतकातल्या जू शी या पंडिताने 1186 च्या पुस्तिकेत यासाठी नियम घालून दिले. एकच रेषा हलली असेल तर त्या रेषेचा मजकूर निर्णायक. दुसरी आकृती वाऱ्याची दिशा दाखवते, ती रेषेवर मात करत नाही.

आता समजा आकडे 8, 8, 7, 9, 7, 8 आले. आकृती तीच, 31. पण हलली चौथी रेषा, हृदयाच्या जागेची. तिचा मजकूर म्हणतो की ठामपणा शुभ, त्याने पश्चात्ताप मिटतो. मात्र मन सारखं येरझाऱ्या घालत राहिलं तर आधीपासून आपल्या बाजूची मंडळीच तेवढी सोबत येतात. नवी आकृती 39, अडथळ्याची: पुढे पाणी, मागे पर्वत. मग सल्ला असा होतो की आडून सुचवण्या, संदेशांचे अर्थ लावत बसणं थांबवावं, मनातलं एकदा सरळ सांगावं, आणि वाटेत अडचण येणार हे धरून चालावं. गरज पडली तर जाणत्या माणसाची मदत घ्यावी, असंही 39 सुचवते. मुलगी तीच, प्रश्न तोच, आकृतीही तीच. एका कौलात थांब, दुसऱ्यात बोल.

दोन्ही रेषा एकदम हलल्या तर? जू शीचा नियम म्हणतो, दोन्ही वाचाव्यात पण वरच्या रेषेला जास्त मान द्यावा. म्हणजे बोलावं, पण दुसऱ्याच्या ओढीने फरफटत नव्हे. तयार होणारी आकृती 48, विहिरीची, हेच पुढे नेते: पाणी जवळ आहे, पण दोर पुरला नाही किंवा घडा फुटला तर हाती काही येत नाही. तीन रेषा हलल्या तर मात्र एकेक रेषा न धरता दोन्ही आकृतींचे निवाडे मुख्य मानतात. एकही न हलल्यास पहिल्या आकृतीचा निवाडा पुरतो.

नको तो कौल आला की पुन्हा नाणी टाकायची, हा मोह सर्वांना होतो. चौथ्या आकृतीचा मजकूर त्याला स्पष्ट मनाई करतो: पहिल्यांदा विचारलं तर उत्तर मिळतं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तर मिळत नाही. यात व्यवहारही आहे. हवी ती रेषा पडेपर्यंत नाणी टाकणाऱ्याला स्वतःच्या इच्छेखेरीज काहीच ऐकू येत नाही.

नाणी योगायोगाने पडतात आणि समोरच्या माणसाच्या मनात काय आहे हे त्यांना कळत नाही. बदलती रेषा आपल्यालाच एक नेमका प्रश्न विचारते: मी आत्ता पोटरीच्या ओढीने निघाले आहे, की हृदयाच्या? म्हणून कौल घ्यायचाच असेल तर आकृतीच्या शुभ-अशुभ नावावर थांबू नका. हललेली रेषा आधी वाचा, तिचा प्रश्न स्वतःला लावून पाहा, आणि उरलेलं उत्तर त्या माणसाशी बोलूनच मिळवा.