स्प्रिंटची वास्तविक क्षमता

स्प्रिंटची वास्तविक क्षमता म्हणजे सॉफ्टवेअर विकसित करणाऱ्या गटाकडे एका स्प्रिंटमध्ये नव्या कामासाठी प्रत्यक्षात उरणारा वेळ होय. सार्वजनिक सुट्ट्या, सदस्यांच्या रजा आणि चालू प्रणालीच्या देखभालीची पाळी (सपोर्ट) वजा केल्यावर ही क्षमता मिळते. ती सहसा मनुष्यदिवसांत मोजतात. स्क्रम पद्धतीत स्प्रिंट हा एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीचा ठरावीक कालखंड असतो. स्क्रम मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीत स्प्रिंटचे नियोजन करताना आगामी क्षमता लक्षात घ्यावी, असा उल्लेख आहे. ती मोजण्याचे सूत्र मात्र दिलेले नाही.

मोठ्या विभागात एकाची रजा सरासरीत विरून जाते. पाच जणांच्या गटात तीच रजा म्हणजे एक पंचमांश मनुष्यबळ असते. त्यामुळे मागील स्प्रिंटच्या सरासरीवरून पुढचे काम ठरवण्याची सोपी रीत लहान गटात सणासुदीला हमखास फसते. मुंबईत, विशेषतः गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांत, याचे ठळक उदाहरण म्हणजे गणेशोत्सवात येणारा स्प्रिंट.

## सुट्ट्यांची यादी

पहिली अडचण कोणती सुट्टी धरायची ही असते. ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होणाऱ्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वर्षाला आठ भरपगारी सणांच्या सुट्ट्या मिळतात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या निश्चित आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांच्या संमतीने ठरतात. राज्य शासनाची सुट्ट्यांची यादी याहून मोठी असते आणि ती खाजगी कार्यालयांना आपोआप लागू होत नाही. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील लाल तारखा मोजणे ही चुकीची सुरुवात ठरते. गणनेत फक्त त्या कार्यालयाने जाहीर केलेल्या सुट्ट्या घ्याव्या लागतात. सदस्य दुसऱ्या शहरातून काम करत असेल, तर त्याच्यासाठी तिथली यादी पाहावी लागते.

## उदाहरण: गणेशोत्सव, २०२५

परळमधील पाच जणांचा एक काल्पनिक गट घेऊ. स्प्रिंट सोमवार, २५ ऑगस्ट ते शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५ असा दोन आठवड्यांचा आहे. शनिवार-रविवार वगळता दहा दिवस, म्हणजे कागदावर ५० मनुष्यदिवस होतात. कार्यालयाच्या यादीत २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी आणि ५ सप्टेंबरची ईद-ए-मिलाद या दोन सुट्ट्या आहेत. म्हणून आठ दिवस आणि ४० मनुष्यदिवस उरतात.

त्यानंतर रजा येतात. पहिला सदस्य २६ ऑगस्टला कोकणात गावी जातो आणि ३ सप्टेंबरला परततो. त्याच्या अर्जावर आठ तारखा दिसतात. पण त्यांत शनिवार-रविवार आहेत आणि २७ तारीख आधीच वजा झालेली आहे. कामाचे दिवस पाचच भरतात. सुट्टी दोनदा वजा होण्याची ही चूक फार आढळते. दुसऱ्या सदस्याच्या घरी गौरी येतात, म्हणून १ आणि २ सप्टेंबर असे दोन दिवस. तिसऱ्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो: २६ च्या दुपारी मूर्ती आणायला आणि २८ च्या दुपारी विसर्जनाला, मिळून एक दिवस. अशा एकूण आठ दिवसांच्या रजा जाऊन ३२ मनुष्यदिवस उरतात.

शेवटी सपोर्ट. उरलेल्या दोघांकडे एकेका आठवड्याची पाळी आहे. जुन्या नोंदींनुसार पाळीवरील व्यक्तीचा सरासरी अर्धा दिवस तक्रारी आणि बिघाड पाहण्यात जातो. आठ दिवसांचे चार मनुष्यदिवस गेले. शिवाय चतुर्थीच्या दिवशी ज्याने प्रणालीवर लक्ष ठेवले, त्याला ४ सप्टेंबरला बदली रजा मिळते. तो आणखी एक दिवस. वास्तविक क्षमता २७ मनुष्यदिवस ठरते, म्हणजे कागदावरील आकड्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक.

दिवसवार मांडणी केली की एकूण बेरजेत न दिसणारी गोष्ट दिसते.

| तारीख | हजर | नव्या कामासाठी |
|---|---|---|
| २५ ऑगस्ट | ५ | ४.५ |
| २६ ऑगस्ट | ३.५ | ३ |
| २८ ऑगस्ट | ३.५ | ३ |
| २९ ऑगस्ट | ४ | ३.५ |
| १ सप्टेंबर | ३ | २.५ |
| २ सप्टेंबर | ३ | २.५ |
| ३ सप्टेंबर | ५ | ४.५ |
| ४ सप्टेंबर | ४ | ३.५ |

पूर्ण गट एकत्र असतो तो फक्त २५ ऑगस्ट आणि ३ सप्टेंबरला. एखादे काम कोकणात गेलेल्या सदस्यालाच येत असेल, तर गटाकडे २७ मनुष्यदिवस असूनही ते काम ३ सप्टेंबरपर्यंत हलत नाही. मनुष्यदिवसांची बेरीज सर्वांना एकसारखे धरते, ही या पद्धतीची मोठी मर्यादा आहे.

## कामात रूपांतर

मनुष्यदिवसांवरून किती काम घ्यावे हे ठरवण्यासाठी मागील नोंदी वापरतात. हेन्रिक निबर्ग यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात पूर्ण झालेले काम आणि उपलब्ध मनुष्यदिवस यांच्या गुणोत्तराची पद्धत मांडली. वरील गटाने मागील तीन स्प्रिंटमध्ये ३०, ३३ आणि २७ असे ९० पॉइंट पूर्ण केले आणि त्यांची वास्तविक क्षमता ३६, ३८ आणि ३४, म्हणजे १०८ मनुष्यदिवस होती, असे समजू.

```
९० ÷ १०८ = ०.८३
२७ × ०.८३ ≈ २२ पॉइंट
```

नुसती सरासरी धरली असती तर ३० पॉइंट घेतले गेले असते. त्यातील आठ पुढच्या स्प्रिंटमध्ये तरी ढकलावे लागले असते किंवा हजर असलेल्या तिघांनी रात्री जागून पूर्ण केले असते.

येथे एक पथ्य आहे. मागील मनुष्यदिवसही याच पद्धतीने, म्हणजे रजा आणि सपोर्ट वजा करूनच मोजलेले हवेत. बैठका, चहा, ईमेल यांचा वेळ ०.८३ या गुणोत्तरात आधीच आलेला असतो. तो वेगळा वजा केल्यास क्षमता खोटी कमी दिसते. सपोर्टचा अर्धा दिवसही अंदाजाने न ठरवता नोंदींवरून घ्यावा. लागोपाठ दोन-तीन स्प्रिंटमध्ये गुणोत्तर घसरत गेले, तर सदस्य सुस्तावले असे मानण्याआधी सपोर्टचा वाटा वाढला आहे का, हे तपासणे योग्य.

## मध्येच बदललेली सुट्टी

२०२५ मध्ये ही गणना स्प्रिंट चालू असतानाच बदलली. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी असल्याने राज्य शासनाने मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवार, ५ सप्टेंबरऐवजी सोमवार, ८ सप्टेंबरला केली. शासनाचा निर्णय पाळणाऱ्या कार्यालयात या स्प्रिंटला एक दिवस मिळाला आणि पुढच्या स्प्रिंटचा पहिलाच दिवस गेला. वरील गटात कागदावर ४.५ मनुष्यदिवस वाढतात. मात्र शुक्रवारची सुट्टी धरून कोणी आधीच बेत आखला असेल, तर तो रजाच टाकतो. आणि शेवटच्या दिवशी सुरू केलेले काम तपासायला दुसरा दिवस उरत नाही. अशा वेळी प्रत्येकाला पुन्हा विचारून हजेरी मोजतात, मिळालेला दिवस अपुरे काम संपवण्यासाठी ठेवतात आणि ८ सप्टेंबर पुढच्या स्प्रिंटमधून त्याच दिवशी वजा करतात.