दिवसाला पाच टक्के

सेमिस्टरच्या शेवटी निकाल जाहीर होण्याआधी आम्हा ट्यूटर मंडळींची एक बैठक होते. विद्यार्थ्यांना तिचा पत्ताही नसतो. टेबलावर गार झालेली कॉफी, भिंतीवर एक्सेलची शीट, आणि हमखास वाद होतो तो उशिरा आलेल्या असाइनमेंटवरून.

नियम ऐकायला सोपा आहे. सिडनी विद्यापीठाचंच घ्या: मुदत उलटली की दर दिवसाला कमाल गुणांच्या पाच टक्के कापायचे, शनिवार-रविवारही मोजायचे, आणि दहा दिवसांनंतर शून्य. मी ज्या विद्यापीठात तपासायचे तिथेही नियम हाच होता. मेख आहे ती ‘कमाल’ या शब्दात.

एका वर्षी आमच्या विषयात चाळीस टक्के वेटेजचा रिपोर्ट होता, तपासायचा ऐंशीपैकी. एका मुलाला ६२ मिळाले, पण रिपोर्ट तीन दिवस उशिरा आला होता. त्याचे किती धरायचे यावर तीन ट्यूटरांची तीन उत्तरं. एकाने दिवसाला पाच म्हणून सरळ १५ मार्क वजा केले आणि ४७ वर आणलं. दुसरीने मिळालेल्या ६२ चे पंधरा टक्के काढले, उरले ५२.७. तिसऱ्याने ऐंशीचे पाच टक्के म्हणजे दिवसाला चार धरून १२ कापले, तेव्हा ५० राहिले. बरोबर होता तो तिसरा. ८० पैकी ५० म्हणजे साडेबासष्ट टक्के, आणि वेटेज चाळीस असल्यामुळे अंतिम शंभरात त्याचे २५. वेळेवर दिला असता तर ३१ झाले असते.

आधी असाइनमेंटच्या आत कापायचं आणि मगच वेटेज लावायचं, हा क्रम पक्का. अंतिम ३१ मधून पंधरा वजा करणारे महाभागही मी पाहिलेत. तसं केलं तर मुलगा १६ वर येतो, आणि तीन दिवसांच्या उशिराला सहाऐवजी पंधरा गुण मोजतो.

आमच्या कोऑर्डिनेटर बाई हे सगळं एका नजरेत पकडायच्या. एकाच असाइनमेंटला सारखाच उशीर झालेल्या दोन मुलांचं नुकसान त्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. कापणी कमाल गुणांवर असेल तर हुशार आणि काठावरचा, दोघांचं नुकसान अगदी सारखं यायला हवं (काठावरचा शून्यालाच टेकला तर गोष्ट वेगळी). हुशाराचं जास्त दिसलं की त्या म्हणायच्या, “कुणीतरी मिळालेल्या मार्कांतून कापतंय.”

आता कमाल मर्यादेची गंमत. त्याच वर्षी एक रिपोर्ट अठरा दिवसांनी उगवला. चांगला होता, ७० मिळाले. शीटमध्ये त्याच्यापुढे ३० आले, म्हणजे अंतिम बेरजेत १५. कुणीतरी सूत्र असं लिहिलं होतं:

```
=MAX(0, B2-4*MIN(D2,10))
```

B2 म्हणजे मिळालेले मार्क, D2 म्हणजे उशिराचे दिवस. या सूत्रात दहा दिवसांनंतर कापणी निम्म्यावर थांबते आणि मुलगा महिनाभराने आला तरी उरलेले मार्क घेऊन जातो. काही विषयांत मर्यादेचा अर्थ खरोखरच असा असतो. आमच्याकडे मात्र दहावा दिवस हा कडा होता, त्यापलीकडे काहीच नाही. म्हणून सूत्र बदललं:

```
=IF(D2>10, 0, MAX(0, B2-4*D2))
```

त्या मुलाचे पंधराच्या पंधरा गेले. बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. पण दुसरा एक मुलगा अकराव्या दिवशी येऊन शून्य घेऊन गेला होता, त्याचं काय करणार?

विद्यार्थी आमच्यापेक्षा हिशेबी असतात. एकीने मला विचारलं होतं, “ताई, दहा वेटेजचा लॅब रिपोर्ट आणि हा चाळीसचा, दोन्ही शुक्रवारी आहेत. एक लांबवणारच आहे, कुठला लांबवू?” उत्तर सरळ होतं. लहान दोन दिवस लांबला तर अंतिम शंभरात एक गुण जातो, मोठा लांबला तर चार.

पण हातातल्या रिपोर्टवर आणखी एक दिवस बसावं का, या प्रश्नात वेटेजचा संबंधच येत नाही, आणि इथे बरेच जण फसतात. मोठा आहे म्हणून आणखी एक दिवस घ्यावा असं वाटतं. वेटेज कितीही असो, त्या एका दिवसात रिपोर्ट पाच टक्क्यांहून जास्त सुधारला तरच पदरात काही पडतं. ऐंशीपैकी पाच टक्के म्हणजे चार मार्क. अर्धवट राहिलेला विश्लेषणाचा भाग पूर्ण करायचा असेल तर ते शक्य आहे. संदर्भसूची नीटनेटकी करायला आणि आलेखांचे रंग बदलायला घेतलेल्या दिवसात मात्र मी कुणाचे चार मार्क वाढलेले पाहिले नाहीत.