पदर कशाने सुटतात?

मलबार पराठ्याचे पदर मोकळे सुटतात ते कणकेच्या दोन थरांमध्ये स्निग्ध पदार्थ असतो म्हणून. त्यामुळे फ्रोझन पराठ्याच्या पाकिटावर सगळ्यात आधी घटकांची यादी पाहावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक असतं. पहिला बहुधा मैदा, मग पाणी आणि लगेच पामतेल, मार्जरिन किंवा ‘इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट’. घरी आपण वापरतो ते शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल इथे चालत नाही. ते पातळ असतं, कणकेत मुरतं आणि पदर चिकटतात. कारखान्याला खोलीच्या तापमानालाही घट्टसर राहणारा मेद हवा असतो आणि मेदाला तो घट्टपणा मुख्यतः सॅच्युरेटेड फॅटमुळे येतो. पामतेलात त्याचं प्रमाण जवळपास निम्मं असतं.

पूर्वी हा घट्टपणा वनस्पती तुपातून यायचा आणि त्यासोबत ट्रान्स फॅटही. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून पाकिटावर ‘ट्रान्स फॅट’पुढे शून्याच्या आसपासचा आकडा दिसतो. ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्या आकड्यावर थांबू नये, त्याच्या शेजारचा सॅच्युरेटेड फॅटचा आकडा वाचावा. ‘कोलेस्ट्रॉल शून्य’ या ठळक अक्षरांना तर फारसा अर्थच नाही, कारण वनस्पतिजन्य तेलात ते जवळजवळ नसतंच.

नमुन्यादाखल एक लेबल घेऊ. पाकीट ४०० ग्रॅमचं, आत पाच पराठे, म्हणजे एक ८० ग्रॅमचा. तक्त्यात १०० ग्रॅममागे एकूण फॅट १३ ग्रॅम, सॅच्युरेटेड ६ ग्रॅम, सोडियम ४५० मिलिग्रॅम. आकडे १०० ग्रॅमचे आणि ताटात पडणार दोन पराठे, म्हणजे १६० ग्रॅम. तेव्हा प्रत्येक आकड्याची दीडपटीहून थोडी जास्त करायची. फॅट जवळपास २१ ग्रॅम, म्हणजे साधारण साडेचार चहाचे चमचे तेल. सॅच्युरेटेड साडेनऊ ग्रॅमच्या पुढे. लेबलवरचे टक्के ज्या दैनंदिन मापावर काढतात त्यात ते २२ ग्रॅम धरलेलं असतं. सोडियम ७२० मिलिग्रॅम, अडीचने गुणलं की १.८ ग्रॅम मीठ. दिवसाला पाच ग्रॅम मीठ पुरे मानतात, आणि अजून भाजी, लोणचं ताटात यायचंच आहे.

आता पाकिटाची मागची बाजू. तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: फ्रीझरमधून काढून थेट मध्यम गरम तव्यावर टाका, तेल लावू नका. या सूचनेचं कारणही तेच पदरांतलं तेल. तवा तापला की ते वितळतं, कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि थर उचलले जातात. वरून चमचाभर तेल सोडणं म्हणजे आधीच्या साडेचार चमच्यांत भर. पराठा ओट्यावर मऊ होऊ दिला तर मेद सैलावतो, थर एकमेकांना चिकटतात आणि दोन पराठ्यांमधला प्लॅस्टिकचा कागद सोलताना कणीक फाटते. तो कागद तव्याआधी काढायचाच. तवा फार तापला तर बाहेर डाग पडतात आणि मधला भाग पांढुरका, चिकट राहतो. अनेक पराठे कच्चेच गोठवलेले असतात, म्हणून हे दिसलं तर आच कमी करून पुन्हा भाजावा; कच्चं पीठ पोटात जाऊ नये. मायक्रोवेव्हचा उल्लेख लेबलवर नसेल तर त्यात घालू नये, वातड होतो.

‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ हे फ्रोझन पाकिटावर सहसा खरं असतं, कारण उणे १८ अंशांना बुरशी आणि जिवाणू वाढतच नाहीत. शेजारच्या फ्रिजमधल्या किंवा शेल्फवरच्या अर्धकच्च्या पोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या यादीत आयएनएस २८२, म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, किंवा २०० अर्थात सॉर्बिक अॅसिड सापडेल. दोन्ही बुरशी रोखतात, दोन्ही परवानगी असलेली आहेत. ती किंचित आंबट पिठात चांगली काम करतात, म्हणून जोडीला ३३०, सायट्रिक अॅसिड असतं; पोळीला येणारी पुसटशी आंबट चव बहुधा त्यामुळे. यादीतला प्रत्येक क्रमांक मात्र प्रिझर्व्हेटिव्हचा नसतो. ४७१ हा कणीक आणि तेल यांचा मेळ घालणारा इमल्सिफायर आहे.

थंडीवर भिस्त असलेल्या पाकिटाची थंडी मोडली की छापलेली तारीखही निरुपयोगी. दुकानात पाकीट हातात घेऊन वाकवून पाहावं. पराठे एकमेकांना घट्ट चिकटून एकच गठ्ठा झाला असेल किंवा आत बर्फाचे मोठे खडे असतील, तर ते मध्येच वितळून पुन्हा गोठलं असण्याची शक्यता मोठी. भारनियमनाच्या गावात तर हे जरूर पाहावं. घरी येईपर्यंत मऊ पडलेले पराठे परत फ्रीझरमध्ये न टाकता त्याच दिवशी भाजून संपवावेत.